दोन-तीन रात्रींचे पाहुणे आणि सोसायटी: सरसकट बंदी बरी की अटींसह परवानगी?

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या सभांमध्ये हा विषय आता टाळता येत नाही. सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे आणि मुख्य अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये. पण आमच्याकडे हा प्रश्न कुंभाच्या आधीपासूनच आहे. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबलीसाठी येणाऱ्या कुटुंबांना तीन दिवस राहावं लागतं, बरोबर वयस्कर माणसं असतात, सोवळ्याओवळ्याचा स्वयंपाक असतो. अशांना हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेला फ्लॅट सोयीचा पडतो. शनिवार-रविवारी गंगापूर धरण आणि वायनरीच्या बाजूला येणारी मुंबईची तरुण मंडळी वेगळी. फ्लॅटमालकाला महिन्याच्या भाड्याइतके पैसे पाच-सहा रात्रींत मिळतात, तेव्हा तो हा मार्ग धरणार हे उघड आहे.

आमच्या सोसायटीत छत्तीस फ्लॅट आहेत, त्यांतले तीन असे रात्रीच्या हिशोबाने दिले जातात. आमच्यासमोर दोन मसुदे होते. पहिल्यात म्हटलं होतं की तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी कोणीही फ्लॅट द्यायचा नाही. दुसऱ्यात देण्याला हरकत नव्हती, पण काही अटी होत्या. मी कमिटीत सचिव आहे, दोन्ही मसुदे लिहिण्यात माझा हात होता. माझा स्वतःचा फ्लॅट मी कोणाला देत नाही. मी पहिल्या मजल्यावर, गेटच्या बरोबर वर राहतो. माझं मत त्या खिडकीतून बनलेलं आहे, हे वाचताना लक्षात घ्यावं.

पैशाचा तिसरा मार्ग आधी बाजूला काढतो, कारण प्रत्येक सभेत कोणी ना कोणी तो सुचवतंच. 'देऊ देत की, पण सोसायटीला रात्रीमागे पाचशे रुपये भरू देत.' ऐकायला बरं वाटतं, पण सहकारी गृहनिर्माण संस्थेला ते करता येत नाही. मालक स्वतः राहत नसेल तर घ्यायच्या नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसवर राज्य सरकारने 1 ऑगस्ट 2001 च्या परिपत्रकाने सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये मोंट ब्लांक सोसायटीच्या प्रकरणात ती कायम ठेवली. आणि हे दहा टक्के मेंटेनन्सच्या पूर्ण बिलावर धरायचे नसतात. समजा महिन्याचं बिल 3,400 आहे. त्यात पाण्याचे 450, दुरुस्ती आणि सिंकिंग फंडाचे 550, पार्किंगचे 200, आणि उरलेले 2,200 हे वॉचमन, सफाई, लिफ्ट, वीज, ऑडिट वगैरे सेवाशुल्क. दहा टक्के धरायचे ते या 2,200 वर, म्हणजे महिन्याला 220 रुपये. मालक एका रात्रीचे अडीच हजार घेत असेल आणि महिन्यात बारा रात्री फ्लॅट भरत असेल, तर त्याला तीस हजार आणि सोसायटीला 220. त्रासाची भरपाई पैशाने होईल ही आशा इथेच सोडावी. 'देणगी' म्हणून जास्त रक्कम घेण्याच्या फंदातही पडू नये. एखाद्या सदस्याने उपनिबंधकांकडे तक्रार केली की ती परत करावी लागते आणि पुढे त्याच सदस्याशी बोलताना कमिटीचा आवाज बसतो.

आता बंदी. तिच्या बाजूने जे बोलतात त्यांचा मुद्दा हलका नाही. सहकारी सोसायटीत आपण घर घेतो तेव्हा उपविधीही स्वीकारतो. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन सोसायटीच्या निकालात उपविधी म्हणजे सदस्यांमधला करारच आहे अशी भूमिका घेतली. त्यामुळे 'माझा फ्लॅट आहे, मी काहीही करीन' हे म्हणणं कायद्याच्या अंगाने तितकंसं खरं नाही. शिवाय आदर्श उपविधींत फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देताना सोसायटीची परवानगी लागत नसली, तरी आठ दिवस आधी लेखी कळवणं, नोंदणीकृत कराराची प्रत देणं आणि पोलीस ठाण्याला कळवल्याची पोच देणं अपेक्षित आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार तर लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही मालकाचीच जबाबदारी आहे आणि ती न पाळल्यास शिक्षेची तरतूद आहे. तीन रात्रींसाठी येणाऱ्या कुटुंबाबरोबर असा करार कोण करणार? मग बंदीवाले म्हणतात, ज्या व्यवहाराला ही चौकट बसतच नाही तो व्यवहार आपल्या इमारतीत नको. यातला तर्क मला मान्य आहे.

बंदीची दुसरी जमेची बाजू म्हणजे ती समजायला सोपी असते. वॉचमनला, नव्या सदस्याला, एजंटला, सगळ्यांना एका वाक्यात सांगता येते. ज्या घरांत दहावी-बारावीची मुलं आहेत, ज्यांच्याकडे रात्रपाळी करून येणारी माणसं आहेत, त्यांना एका वाक्याचा नियम हवा असतो. त्यांचं चुकत नाही.

पण बंदी आणायची कशी, इथून अडचण सुरू होते. सर्वसाधारण सभेत नुसता ठराव करून सदस्याच्या हक्कावर मर्यादा घातली तर ती टिकणं अवघड आहे. त्यासाठी उपविधीत दुरुस्ती करावी लागते. म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 13 प्रमाणे सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बहुमत, मग उपनिबंधकांकडे प्रस्ताव, आणि ते नोंदवेपर्यंत दुरुस्तीला किंमत नाही. निर्णयासाठी त्यांना दोन महिन्यांची मुदत असते. आदर्श उपविधींपेक्षा वेगळी, सदस्याचा हक्क आक्रसणारी दुरुस्ती पाहून ते प्रश्न विचारतात, आणि ते रास्तही आहे. तुमची इमारत अपार्टमेंट कायद्याखाली, म्हणजे कंडोमिनियम असेल तर हा रस्ता वेगळा आहे. तिथे घोषणापत्र आणि त्याला जोडलेले उपविधी काय म्हणतात ते वकिलाकडून पाहून घ्यावं.

समजा ही दुरुस्ती मंजूर झाली. पुढे तिला दात किती? आदर्श उपविधींत नियमभंगाच्या दंडाला वर्षाला पाच हजारांची मर्यादा आहे, आणि तोही आधी कारणे दाखवा नोटीस, मग सदस्याचं म्हणणं ऐकणं, मग सभेने ठरवणं, अशा पायऱ्यांनी. महिन्याला तीस हजार मिळवणारा माणूस वर्षाचे पाच हजार खर्चात धरून चालतो. सहकार न्यायालयात कलम 91 खाली जाता येतं, पण तारखांचा अनुभव ज्यांना आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको. पाणी किंवा वीज तोडण्याचा विचार तर कोणी मनातही आणू नये, तो सरळ बेकायदेशीर आहे.

बंदीचा खरा तोटा मात्र मला गेटवर दिसला. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीने बंदी केली. तिथे पाहुणे यायचे थांबले नाहीत, ते नातेवाईक झाले. मालक वॉचमनला सांगतो, 'माझे आतेभाऊ येतायत इंदूरहून.' वॉचमन काय करणार? आतेभाऊ नाही हे सिद्ध कसं करणार? मग तो दोन्हीपैकी एक करतो. एक तर कोणालाच विचारत नाही, किंवा सगळ्यांनाच विचारतो. त्या सोसायटीत दुसरं झालं. तिथल्या एका काकूंच्या सख्ख्या भावाला गेटवर अर्धा तास उभं करून ठेवलं, ओळखपत्र मागितलं, कारण आदल्या आठवड्यात कमिटीने वॉचमनला झापलं होतं. ज्या काकूंनी सभेत बंदीसाठी हात वर केला होता, त्याच दुसऱ्या दिवशी कमिटीकडे तक्रार घेऊन गेल्या.

सुरक्षेच्या अंगाने पाहिलं तर यातून काय साधलं? पूर्वी निदान मालक 'पाहुणे येतायत, चार जण, पांढरी एर्टिगा' असं कळवायचा. आता तो खोटं नाव सांगतो किंवा काहीच सांगत नाही. इमारतीत कोण आहे हे कोणालाच माहीत नाही. बंदी असलेल्या इमारतीत अनोळखी माणसांची संख्या कमी झाली असेलही, पण जी आहेत त्यांची नोंद शून्य झाली. माझ्या मते हा सौदा वाईट आहे. मोठ्या टाउनशिपमध्ये गेटवर अ‍ॅप, दर फ्लॅटचा कोड, चार-चार माणसांची पाळी असेल तर कदाचित वेगळा अनुभव येत असेल. आमच्यासारख्या एका गेटच्या आणि एका वॉचमनच्या इमारतींबद्दल मी बोलतोय.

अटींच्या मसुद्यालाही त्रास आहेतच. पाण्याचा पहिला. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आठ माणसं उतरली की शनिवारी दुपारी वरची टाकी रिकामी होते, आणि बिल सगळ्यांत वाटलं जातं. पार्किंगमध्ये एका फ्लॅटच्या नावावर दोन गाड्या येतात आणि दुसरी कोणाच्यातरी जागेत लागते. गच्चीवर रात्री गप्पा रंगतात. हे सगळं खरं आहे, पण याला माणसांची संख्या, गाडीचा नंबर आणि गच्चीचं कुलूप एवढे उपाय पुरतात. आम्ही बेडरूममागे दोन आणि वर एक, अशी मर्यादा घातली. म्हणजे दोन बेडरूमला पाच माणसं. गाडी एकच, ती मालकाच्याच जागेत. गच्ची दहाला बंद, आणि ती सगळ्यांसाठीच बंद, त्यामुळे कोणाला आपल्याला वेगळं वागवलं असं वाटत नाही.

माझ्यापुरता निर्णय झाला तो यांपैकी कशानेच नाही. तो झाला रात्री गेटवर उभ्या राहणाऱ्या माणसाने.

दर आठवड्याला हे व्हायचं. रात्री साडेबारा-एकला गाडी गेटसमोर येऊन उभी राहते, हेडलाइट माझ्या खिडकीत. चालक हॉर्न देत नाही, सभ्य माणसं असतात, पण इंजिन चालू असतं. आत मागच्या सीटवर म्हातारी माणसं अर्धवट झोपलेली, पोरं आडवी झालेली. वॉचमनकाका टॉर्च घेऊन जातात. पाहुणा मोबाइल पुढे करतो, त्यावर बुकिंगचं पान, त्यात सोसायटीचं नाव आणि मालकाचा नंबर. फ्लॅटचा नंबर पानावर नसतो, तो 'चेक-इनच्या वेळी कळवू' असं लिहिलेलं. वॉचमनकाका मालकाला फोन लावतात. मालक पुण्यात किंवा दुबईत. फोन वाजतो आणि थांबतो. परत लावतात. मग काका इंटरकॉमवरून शेजारच्या फ्लॅटमध्ये विचारतात, 'समोरच्यांची किल्ली तुमच्याकडे आहे का?' आणि समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, कॅन्सरच्या उपचारांतून नुकत्याच उठलेल्या आजी एक वाजता दार उघडतात.

किल्ली बहुतेकदा फायर होजच्या लाल पेटीमागे चिकटवलेल्या कोडच्या छोट्या डबीत असायची. ती डबी तिथे आहे हे मला एका रात्री टॉर्चच्या उजेडात कळलं, पाहुणा स्वतःच ती शोधत होता तेव्हा. अग्निशमनाच्या पेटीला काहीही चिकटवणं किती धोक्याचं आहे हे सांगायला नको. त्याहून मोठी गोष्ट ही की गेल्या वर्षात ज्याने ज्याने तो कोड वापरला त्या सगळ्यांना आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराची किल्ली कुठे असते हे माहीत होतं. कोड बदलला जायचा का? मालकाला विचारलं तर म्हणाला, बदलतो की. काका म्हणाले, नाही बदलत.

हा त्रास मी जितका पाहिला तितका मला एक गोष्ट पटत गेली. आमचा वॉचमन हा हॉटेलचा रिसेप्शनिस्ट झाला होता, पगार आमचा आणि काम त्या मालकाचं. पाहुणा वाईट नव्हता, दूर गेलेला मालकही वाईट नव्हता. इमारतीत त्या रात्री त्या पाहुण्यासाठी जबाबदार असं कोणीच नव्हतं, हे वाईट होतं. आवाज, पाणी, कचरा, चुकीच्या जागेत लागलेली गाडी, या सगळ्या तक्रारींचं मूळ शोधत गेलं की याच जागी येतं. पाहुण्याला सांगायला, समजवायला, थांबवायला हजर माणूस नाही.

बंदीचा मसुदा या अडचणीला हात घालत नाही. तो पाहुण्यांना थांबवायला जातो आणि त्यात अपयशी ठरला की जबाबदार माणूस आणखीच लांब जातो, कारण आता तो कबूलही करू शकत नाही. अटींच्या मसुद्यात मात्र आम्हाला नेमकी हीच अट घालता आली. मालक स्वतः इमारतीत राहत असेल तर उत्तम. नसेल, तर त्याने इमारतीत राहणाऱ्या एखाद्या व्यक्तीला लेखी संमतीने यजमान म्हणून नेमायचं. किल्ली त्या व्यक्तीकडूनच हातात द्यायची, डबी नाही. पाहुणे येण्याच्या वेळी ती व्यक्ती खाली येणार. रात्री अकरानंतर येणार असतील तर आधी कळवणार आणि गेटवर हजर राहणार. यजमान त्या आठवड्यात बाहेरगावी असेल तर त्या आठवड्यात पाहुणे घ्यायचे नाहीत.

ही कल्पना आमची नवीन नाही. पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेचा पायाच हा आहे की मालक त्याच घरात राहतो आणि जास्तीच्या खोल्या पाहुण्यांना देतो. तुमच्या सोसायटीतला एखादा सदस्य त्या योजनेत नोंदणी करून असं करत असेल, तर त्याला बंदीच्या रेट्यात भरडू नये. तो आणि परगावाहून अ‍ॅपवर फ्लॅट चालवणारा, या दोघांना एका मापाने मोजणं मला योग्य वाटत नाही. सीमेपलीकडे गोव्यात तर 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पाहुण्यांना घर देणाऱ्याला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, त्यामुळे तिथल्या सोसायट्यांना निदान नोंदणीचा कागद मागता येतो.

एक उदाहरण सांगतो. आमच्या बी विंगमधल्या फ्लॅटचे मालक नोकरीनिमित्त बाहेर असतात. त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षिकेला यजमान नेमलं, दर वेळेचे काही पैसे ठरवून. त्यांचा हिशोब त्यांच्यात, सोसायटी त्यात पडत नाही. नागबलीसाठी नागपूरचं एक कुटुंब येणार होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी मालकाने सोसायटीच्या नंबरवर कळवलं: एका माणसाचं नाव आणि फोन, एकूण पाच जण, गाडीचा नंबर, येण्याची वेळ रात्री साडेअकरा, जाण्याचा दिवस. वॉचमनच्या वहीत एवढंच लिहिलं. ओळखपत्रांच्या प्रती मालकाने स्वतःकडे ठेवल्या. बाई सव्वाअकराला शाल घेऊन खाली येऊन बसल्या. गाडी आली, त्यांनी 'या' म्हटलं, पार्किंगची जागा दाखवली, लिफ्टमध्ये बरोबर गेल्या. मला खिडकीतून हेडलाइट दिसला आणि लगेच विझला. समोरच्या आजींना दुसऱ्या दिवशी कळलं की कोणी आलंय. तिसऱ्या दिवशी जाताना त्या कुटुंबाने ओला कचरा वेगळा करून ठेवला होता, कारण बाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी ते दाखवलं होतं.

वॉचमनच्या वहीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण सुरक्षेच्या नावाखाली इथे खूप चुकीचं केलं जातं. अनेक गेटवर पाहुण्यांचा आधार नंबर पूर्ण लिहून घेतात आणि ती वही टेबलावर उघडी पडलेली असते. येणारा डिलिव्हरीवालाही ती वाचू शकतो. ते करू नये. काही ठिकाणी ओळखपत्रांचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात, ते तर मुळीच नको. गेटला नाव, फोन, संख्या आणि गाडीचा नंबर पुरतो. मूळ ओळखपत्र पाहणं आणि प्रत ठेवणं मालकाचं काम, कारण पोलिसांनी विचारलं तर उत्तर त्यालाच द्यायचं आहे. परदेशी पाहुणा असेल तर 24 तासांच्या आत त्याची माहिती ठरलेल्या फॉर्ममध्ये ऑनलाइन भरणं मालकावर बंधनकारक आहे. त्याची पोच सोसायटीने मागावी, आणि ती आली नाही तर पुढच्या परदेशी पाहुण्याला नकार द्यावा. कुंभाच्या काळात हे विसरलं जाण्याची शक्यता जास्त.

अटींच्या मसुद्याची कायद्याची बाजूही मला सोपी वाटली, अर्थात तुमच्या सोसायटीच्या उपविधीत काही वेगळं असू शकतं. गेटवरची नोंद, किल्लीची पद्धत, गाडीची जागा, गच्चीची वेळ हे आवारातल्या शिस्तीचे नियम आहेत, ते सभेच्या ठरावाने करता येतात. मालकाकडून एक हमीपत्र घेतलं, त्यात यजमानाचं नाव आणि सामाईक जागेत झालेलं नुकसान प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे भरून देण्याची कबुली. सक्तीची अनामत आम्ही मागितली नाही. ती सोसायटीने मागावी का यावर वकिलांत मतभेद दिसले, आणि कबुली लेखी असली की वसुलीचा मार्ग तसाही मोकळा राहतो. उपविधीत दुरुस्ती फक्त एका गोष्टीसाठी मागितली. एकाच फ्लॅटबद्दल तीन लेखी तक्रारी कमिटीने चौकशी करून खऱ्या ठरवल्या, तर सहा महिने रात्रीच्या हिशोबाने फ्लॅट द्यायचा नाही. सरसकट बंदीपेक्षा ही दुरुस्ती उपनिबंधकांना पटवणं सोपं जाईल असा आमचा अंदाज आहे, कारण इथे हक्क जात नाही, गैरवापर केल्यावर तो थांबतो.

एका मजल्यावर एकच असा फ्लॅट, ही अट आमच्यापैकी काहींना हवी होती. मी तिच्या विरोधात होतो. ज्याने आधी सुरुवात केली त्याला हक्क आणि उद्या गरज पडलेल्या विधवेला नकार, हे न्यायाचं वाटत नाही, आणि चिठ्ठ्या टाकून हक्क वाटणं तर त्याहून नाही. इमारतीत यजमान हवा या अटीनेच संख्या आपोआप मर्यादेत राहते, कारण रात्री खाली येणारी माणसं फार नसतात. आमच्या तीनपैकी एका मालकाला यजमान मिळाला नाही. त्याने अकरा महिन्यांचा नेहमीचा भाडेकरू ठेवला, पोलीस पडताळणी आणि नोंदणीकृत करारासह. बंदी न घालता बंदीतून जे हवं होतं त्यातलं थोडं असं मिळालं.

तरीही काही ठिकाणी मी बंदीच्या बाजूने मत देईन. आठ-दहा फ्लॅटची, वॉचमन नसलेली, एका जिन्याची इमारत असेल, आणि त्यात राहणाऱ्यांपैकी कोणीच यजमान व्हायला तयार नसेल, तर अटी कागदावरच राहतील. अशा ठिकाणी सगळे एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात, 'आतेभाऊ' लगेच पकडला जातो, म्हणून बंदी तिथे पाळली जाण्याची शक्यता जास्त. मुलींचं वसतिगृह किंवा पाळणाघर असलेल्या इमारतीतही मी बंदीचाच विचार करीन. ज्या सोसायटीत मालक-सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त बाहेरगावी राहतात आणि सभेला येतच नाहीत, तिथेही यजमान शोधताना दमछाक होईल.

तुम्ही कोणताही मसुदा निवडलात तरी वेळेचं गणित आधी करा. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत होते, तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते, आणि उपविधीतल्या दुरुस्तीचा मजकूर त्या नोटिशीबरोबरच सदस्यांना द्यावा लागतो. म्हणजे मसुदा ऑगस्टमध्ये तयार हवा. उपनिबंधकांचे दोन महिने धरले तर नोंदणी नोव्हेंबर-डिसेंबरला होईल. आम्ही ठरावाने होणारे नियम लगेच लागू केले आणि दुरुस्तीची वाट पाहत थांबलो नाही. पहिल्या दिवशी कमिटीच्या दोघांनी पान्याने ती किल्लीची डबी फायर होजच्या पेटीवरून काढली, मालकाच्या हातात दिली, आणि त्याची सही घेतली.